पाच दुकानांची एक वही: ब्लॉकचेनमधली खाडाखोड कशी पकडली जाते

प्रश्न: आमची बेळगावात पाच किराणा दुकानं आहेत – शहापूर, वडगाव, अनगोळ, हिंडलगा आणि माझं कंग्राळीचं. रविवार पेठेतून साखर, तेल, डाळ मिळून उचलतो, म्हणजे भाव बरा पडतो. कुणाच्या नावे किती, ते एकाच वहीत लिहितो आणि ती वही शहापूरच्या दुकानात असते. परवा एकजण ॲप विकायला आला होता. म्हणाला, "ब्लॉकचेनवर नोंद झाली की देवालाही बदलता येत नाही." वहीत तर पेन फिरवलं की आकडा बदलतो. मग यात असं काय आहे? आणि आम्हाला ते घ्यायची गरज आहे का?

उत्तर:

विक्रेत्याचं बोलणं अर्धंच खरं आहे. नोंद बदलता येते. कॉम्प्युटरमधली कुठलीही फाइल बदलता येते. पण ब्लॉकचेनमध्ये बदललेली नोंद उघडी पडते, आणि ती झाकायची तर इतरांच्या दुकानातल्या वह्याही बदलाव्या लागतात. हे कसं होतं ते तुमच्याच वहीवर करून बघू. कागद आणि कॅल्क्युलेटर घ्या.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक आकडा लिहायचा, त्याला आपण 'ठसा' म्हणू. तो काढायची रीत अशी: पहिल्या ओळीची रक्कम एकदा, दुसरीची दुप्पट, तिसरीची तिप्पट धरायची आणि त्यात मागच्या पानाचा ठसा मिळवायचा. आलेल्या बेरजेला ९९७ ने भागून जी बाकी उरेल तो या पानाचा ठसा. ओळीगणिक पट वेगळी ठेवलीय, कारण नुसती बेरीज घेतली तर दोन नावांपुढच्या रकमांची अदलाबदल केली तरी ठसा तोच राहिला असता.

समजा पहिल्या पानावर शहापूर ४,२००, वडगाव १,३५० आणि अनगोळ ३,६०० आहेत. मागचं पान नाही, म्हणून मागचा ठसा शून्य. ४,२०० अधिक २,७०० अधिक १०,८०० म्हणजे १७,७००. ९९७ ने भागल्यावर बाकी ७५१. पहिल्या पानाचा ठसा ७५१.

दुसऱ्या पानावरच्या रकमा २,५००, ६,००० आणि १,२००. त्यांचे होतात १८,१००. त्यात मागचा ७५१ मिळवला की १८,८५१, आणि बाकी ९०५. तिसऱ्या पानावर ३,०००, ९०० आणि २,७०० आहेत. त्यांचे १२,९००, अधिक ९०५, म्हणजे १३,८०५. बाकी ८४४.

आता कुणीतरी पहिल्या पानावर वडगावच्या १,३५० चे १,८५० केले. इंग्रजी आकड्यांत तीनचा आठ करायला पेनाचा एक वळसा पुरतो. पहिल्या पानाची बेरीज १८,७०० झाली आणि ठसा ७५१ ऐवजी ७५४ यायला लागला. तळाशी तर ७५१ लिहिलेलं आहे. तो खोडून ७५४ केला की दुसऱ्या पानाचा ठसा ९०५ चा ९०८ करावा लागतो, मग तिसऱ्याचा ८४४ चा ८४७. एका आकड्यासाठी त्या दिवसापासून आजपर्यंतच्या प्रत्येक पानावर खाडाखोड करावी लागते. 'चेन' म्हणतात ती हीच. 'ब्लॉक' म्हणजे पान, आणि प्रत्येक पान मागच्या पानाचा ठसा पोटात घेऊन बसलेलं असतं.

आपल्या या कागदी ठशात मात्र एक भोक आहे, आणि ते बघितल्याशिवाय खऱ्या ठशाची किंमत कळत नाही. पहिल्या पानावर शहापूरचे ४,२०० चे ३,७०० करा, वडगावचे १,३५० चे २,३५० आणि अनगोळचे ३,६०० चे ३,१००. एकूण बेरीज पूर्वीसारखीच ९,१५०. ठसा काढून बघा: ३,७०० अधिक ४,७०० अधिक ९,३००, पुन्हा १७,७००, पुन्हा ७५१. शहापूर आणि अनगोळ पाचपाचशे रुपयांनी सुटले, वडगावच्या डोक्यावर हजार रुपये बसले, आणि बेरीज व ठसा दोन्ही जागच्या जागी! गणिताचं थोडं अंग असलेला माणूस अशी जुळणी दोन मिनिटांत करेल.

खऱ्या ब्लॉकचेनमध्ये हा ठसा काढायला हॅश नावाची रीत वापरतात. बिटकॉइनमध्ये जी आहे ती एसएचए-२५६. मजकूर कितीही मोठा असो, ठसा कायम ६४ अक्षरांचा येतो. आणि मजकुरात कणभर बदल झाला तर ठसा थोडासा सरकत नाही, सगळाच पालटतो. एकाच शब्दातलं पहिलं अक्षर लहानाचं मोठं केल्यावर काय होतं बघा (ठशाची फक्त सुरुवात दिली आहे):

```
hello   2cf24dba5fb0a30e...
Hello   185f8db32271fe25...
```

आपल्या कागदी रीतीत ५०० रुपयांच्या बदलाने ठसा तीनने सरकला, म्हणून उलटा हिशेब करता आला. इथे तसा धागाच हाती लागत नाही. ठरावीक ठसा यावा म्हणून मजकूर कसा बदलावा, याची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. एकेक मजकूर घालून बघत बसणं एवढाच मार्ग, आणि शक्य ठशांची संख्या ७८ अंकी आहे. एमडी-५ आणि एसएचए-१ या जुन्या रीतींमध्ये एकच ठसा येणारे दोन वेगळे मजकूर बनवून दाखवले गेले आहेत. म्हणून कुणी हिशेबाला एमडी-५ वापरतो म्हणाला तर नको म्हणा.

एवढं झाल्यावर वही सुरक्षित झाली असं वाटेल, पण अजून नाही. वही एकट्या शहापूरला आहे. तिथल्या माणसाने जुनी वही जाळली आणि पहिल्या पानापासून नवी लिहिली, प्रत्येक ठसा बरोबर काढून, तर तुम्ही काय करणार? कागदावर त्याला दोन रात्री लागतील. कॉम्प्युटरवर वर्षभराच्या पानांचे ठसे नव्याने काढायला सेकंदसुद्धा लागत नाही. साखळी स्वतःशी जुळते की नाही एवढंच ठसे सांगतात. ती खरी साखळी आहे का, हे ठशांना कळत नाही.

त्याचा उपाय तुमच्या गल्लीतल्या भिशीवाल्या बायकांनाही ठाऊक असतो: वही एकाकडे ठेवायची नाही. पाचही दुकानांत प्रत ठेवायची. सगळी वही जपायला जमत नसेल तर निदान रोजचा ठसा तरी पाचही जणांनी आपापल्या डायरीत लिहून ठेवायचा. मग शहापूरने नवी वही आणली की वडगाववाला डायरी उघडून म्हणेल, पहिल्या पानाचा ठसा माझ्याकडे ७५१ आहे, तुमच्या वहीत ७५४ कसा? आणि शेवटच्या पानाचा ठसा जुळला तर मागची सगळी पानं आपोआप जुळली, कारण प्रत्येक ठशात मागचा मुरलेला आहे.

ही कल्पना बिटकॉइनच्या बरीच आधीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर अशी साखळीची वेळमोहर मारायची रीत मांडली. पुढे त्यांच्या कंपनीने दर आठवड्याचा ठसा न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातीसारखा छापायला सुरुवात केली. लाखो घरांत गेलेला अंक परत गोळा करून कोण बदलणार? माझ्या मते ब्लॉकचेनचं मर्म या एका जाहिरातीत आहे, बाकी सगळी त्यावरची यंत्रसामग्री.

आता खरा अवघड प्रश्न. दोन प्रती जुळल्या नाहीत तर खरी कुठली? 'बहुमत' असं चटकन म्हणाल. पाचात तीन, झालं. पण तिथेच फसगत होते.

समजा नवं पान पक्कं व्हायला तीन सह्या पुरेत असा नियम केला, आणि शहापूर व अनगोळ मिळालेले आहेत. ते एकाच दिवसाची दोन पानं बनवतात. एक पान वडगावला दाखवून त्याची सही घेतात, दुसरं हिंडलग्याला दाखवून त्याची. पहिल्या पानावर शहापूर, अनगोळ, वडगाव अशा तीन सह्या. दुसऱ्यावर शहापूर, अनगोळ, हिंडलगा अशा तीन. दोन्ही पानं नियमाने पक्की! वडगाव आणि हिंडलगा दोघंही प्रामाणिक, पण दोघांकडे वेगळ्या वह्या.

म्हणून पाचात चार सह्यांचा नियम ठेवायचा. मग दोन लबाडांना प्रत्येक पानासाठी दोन प्रामाणिक सह्या लागतात. प्रामाणिक उरले तीनच, तेव्हा दोन्ही पानांवर सही करणारा किमान एक प्रामाणिक माणूस निघायला हवा, आणि एका दिवसाच्या दोन पानांवर तो सही करत नाही. म्हणजे दुहेरी वही बनत नाही. याची किंमत अशी की त्या दोघांनी सही करायचं नाकारलं तर कामकाज थांबतं. दोघांचे फोन बंद पडले किंवा दोन ठिकाणी करंट गेला तरी तेच. एक दुकान बंद असेल तर उरलेले चारजण काम चालवतात. ओळखीच्या मंडळींनी मिळून चालवलेल्या ब्लॉकचेनचा हिशेब साधारण असाच असतो: एक लबाड किंवा बंद सभासद सोसून काम चालू ठेवायचं तर किमान चार लागतात, दोन सोसायचे तर सात. तीनच दुकानांनी मिळून हे करायचं म्हटलं तर एकालाही सोसायची ताकद राहत नाही, हे त्या विक्रेत्याने सांगितलं नसणार.

सही म्हणजे इथे पेनाची सही नव्हे. प्रत्येक दुकानाकडे एक गुप्त किल्ली असते, म्हणजे लांबलचक आकडा. तो वापरून पानावर अशी खूण उठते की बाकीचे ती पडताळू शकतात, पण किल्लीशिवाय उठवू शकत नाहीत. रबरी शिक्का तुमच्या गल्ल्यात, आणि तो ओळखायचा नमुना सगळ्यांकडे, असं समजा.

बिटकॉइनमध्ये हजेरीपटच नाही. कोण किती दुकानं घेऊन येईल ठाऊक नाही. एकच माणूस हजार खोट्या नावांनी मत देईल. म्हणून तिथे माणसं मोजत नाहीत, मेहनत मोजतात. पानाच्या तळाशी एक रिकामी जागा असते. तिथे असा आकडा भरायचा की पानाचा ठसा ठरवलेल्या मर्यादेच्या खाली येईल, म्हणजे सुरुवातीला बरीच शून्यं येतील. आपल्या कागदी रीतीत असा आकडा नुसत्या वजाबाकीने निघाला असता: ७५१ आहे, आणखी २४६ मिळवले की शून्य. एसएचए-२५६ मध्ये वजाबाकीची वाट नाही, म्हणून आकडे टाकत राहायचं. ३ जानेवारी २००९ ही तारीख असलेलं बिटकॉइनचं पहिलं पान बघा:

```
000000000019d6689c085ae165831e934ff763ae46a2a6c172b3f1b60a8ce26f
```

सुरुवातीची दहा शून्यं नशिबाने आलेली नाहीत, ती आकडे टाकून टाकून मिळवलेली आहेत. जगभरातली यंत्रं मिळून साधारण दहा मिनिटांना एक पान निघावं अशी मर्यादा ठेवलेली असते, आणि दर २,०१६ पानांनी, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, ती पुन्हा जुळवली जाते. सहा पानांपूर्वीची नोंद बदलायची तर ती सहाही पानं पुन्हा मेहनत करून काढायची आणि तोवर पुढे गेलेल्या बाकी जगाला गाठायचं. म्हणून मोठी रक्कम आली की लोक वर सहा पानं चढेपर्यंत, म्हणजे तासभर, थांबतात. निम्म्याहून जास्त ताकद एकाच्या हाती आली तर मात्र तो गाठू शकतो. इथेरियम क्लासिक या लहान साखळीवर जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये असंच झालं. तिथली मागची पानं खरोखर पालटली गेली. साखळी तीच पद्धत वापरत होती, राखणारे कमी होते. मुख्य इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये विजेची मेहनत सोडून अनामत रकमेची पद्धत घेतली; एकाच जागी दोन पानांवर सही केली की अनामतीचा काही भाग कापला जातो. तुमच्या पाच दुकानांना यातलं काही लागत नाही. तुम्ही एकमेकांना तोंडाने ओळखता.

आता ॲपकडे वळू. विक्रेत्याला एवढंच विचारा: पाच प्रती कुठे असतात? "सगळं आमच्या सर्व्हरवर सुरक्षित आहे" असं उत्तर आलं तर वही शहापूरहून उचलून कंपनीत नेऊन ठेवली, बाकी काही बदललं नाही. गुप्त किल्ल्याही कंपनीकडेच असतील तर सह्यासुद्धा तीच करू शकते. दाखवायला सांगा: एका दुकानाच्या यंत्रातली मागच्या महिन्याची नोंद आमच्यासमोर बदला, आणि दुसऱ्या दुकानाच्या यंत्रावर ती नाकारली जाते का ते दिसू दे. हे दाखवता येत नसेल तर पैसे देऊ नका.

खरं तर तुमच्या कामाला ॲपशिवायही भागतं. रोज रात्री दिवसाचा हिशेब टाइप करा, पहिल्या ओळीत कालचा ठसा लिहा, पीडीएफ करा आणि विंडोजच्या कमांड खिडकीत हे चालवा:

```
certutil -hashfile rojmel-05.pdf SHA256
```

आलेली ६४ अक्षरं पाचही जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, सोबत पीडीएफही. चौघांनी वाचून "बरोबर" लिहिल्याशिवाय पान पक्कं धरायचं नाही. झाली तुमची साखळी, फुकटात.

यात अडखळायला होतं ते असं. फाइलचं नुसतं नाव बदललं तर ठसा बदलत नाही. पण तोच हिशेब दुसऱ्यांदा पीडीएफ केला तर बहुधा बदलतो, कारण पीडीएफच्या पोटात बनवल्याची वेळही लिहिली जाते. म्हणून ज्या फाइलचा ठसा पाठवला तीच फाइल जपायची, नवी काढायची नाही. वहीचा फोटो पाठवणार असाल तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि ठसा जुळत नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि आपल्या भागातली खास गोष्ट: बिल कानडीत, वही मराठीत, मोबाईलवर आकडे इंग्रजीत. आपल्या डोळ्यांना तिन्ही लिप्यांतला पाच एकच, पण कॉम्प्युटरला ती तीन वेगळी अक्षरं. एकाने देवनागरी आकड्यात आणि दुसऱ्याने इंग्रजीत टाइप केलं तर रक्कम तीच असून ठसे वेगळे येतील आणि उगाच संशय वाढेल. टाइप एकानेच करायचं, बाकीच्यांनी तपासायचं.

ठसा जुळला नाही म्हणजे लबाडीच झाली, असंही लगेच धरू नका. ज्या दिवशी पहिल्यांदा फरक पडला तो दिवस शोधा. तीस पानं असतील तर पंधरावं उघडा. ते जुळलं तर गडबड पुढे आहे, नाही जुळलं तर मागे. चारपाच पानं उघडली की नेमकं पान सापडतं.

एक गोष्ट ठशाने कधीच पकडली जात नाही: मुळात खोटी लिहिलेली नोंद. पोत्यात ४८ किलो साखर होती आणि लिहिले ५०, तर ब्लॉकचेन ते ५० किलो इमानेइतबारे जपेल. म्हणून माल ज्याने उचलला त्याचं "बरोबर" त्या चौघांत असलंच पाहिजे. काटा त्याच्यासमोर झालेला असतो. आणि चुकून आकडा गेला तर जुनं पान उघडायचं नाही. तुमचे जुने मुनीम करत तसंच करायचं: आजच्या पानावर उलट नोंद घालायची, "अमुक तारखेच्या नोंदीत वडगावच्या नावे ५०० जास्त, आज जमा", आणि पुढे चालायचं.

प्रकरण कधी कोर्टापर्यंत गेलंच तर हे ठसे तिथेही उपयोगी पडतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना जे प्रमाणपत्र जोडतात, त्याच्या नमुन्यात हॅश आकडा लिहायची जागा आहे आणि एसएचए-२५६ चं नाव त्यात छापलेलं आहे. तेव्हा ग्रुपवरचे जुने मेसेज फोन बदलताना घालवू नका. महिन्याच्या शेवटी तीसही ठसे एका कागदावर छापून पाचही जणांनी पेनाने सही करून आपापल्या तिजोरीत ठेवा.